पाचवी, बारसे आणि त्यानंतरची उदासी

परभणी जिल्ह्यात, मग ते गाव जिंतूर तालुक्यातले असो की गंगाखेडच्या बाजूचे, बाळंतीण कारणावाचून रडू लागली म्हणजे घरातील वडीलधाऱ्या स्त्रिया बहुधा दोहोंपैकी एक निर्णय देतात: बाळंतपणात असे व्हायचेच, किंवा हिला बाहेरचे काही बाधले आहे. या दोन्ही निर्णयांत दोन भिन्न अवस्थांची गल्लत होते. एक अवस्था आपोआप ओसरणारी आहे, तर दुसरी इलाजावाचून महिनोन् महिने रेंगाळू शकते.

गैरसमज: बाळंतिणीची सारी उदासी एकाच प्रकारची असते.

वस्तुस्थिती: निम्म्याहून अधिक मातांना प्रसूतीनंतर दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून उगीच डोळे भरून येणे, चिडचिड होणे, क्षणात हसू तर क्षणात रडू फुटणे असा अनुभव येतो. घरात पाचवीची पूजा मांडली जाते त्याच सुमारास ही अस्थिरता शिगेला पोहोचते, आणि बारसे होईपर्यंत, किंवा फार तर दोन आठवड्यांच्या मुदतीत, ती औषधावाचून मावळते. ही अवस्था इंग्रजीतील ‘बेबी ब्लूज’ या नावाने ओळखली जाते. अशी माता रडली, तरी तिच्या आईने बाळाला घटकाभर मांडीवर घेतले की या मातेचा डोळा लागतो, आणि बाळाकडे पाहून तिला हसूही येते.

प्रसूतिपश्चात नैराश्याचे लक्षण निराळे आहे. बाळ निजले असतानाही झोप न येणे, कशातच गोडी न वाटणे, अन्नावरची वासना उडणे, आपण आई होण्यास अपात्र आहोत ही टोचणी लागणे, क्वचित मरणाचे विचार येणे, आणि हे सारे दोन आठवड्यांहून अधिक काळ, दिवसाचा बहुतेक भाग टिकणे, हा त्याचा तपशील होय. त्याचा प्रारंभ गरोदरपणातही होऊ शकतो, किंवा बाळ कित्येक महिन्यांचे झाल्यावरही.

गैरसमज: संप्रेरके घसरतात, म्हणून नैराश्य येते, ती सावरली की तेही जाईल.

वस्तुस्थिती: गर्भारपणात इस्ट्रोजेन व प्रोजेस्टेरॉन ही संप्रेरके मुख्यत्वे वारेतून निर्माण होऊन कित्येक पटींनी वाढलेली असतात, आणि वार पडताच त्यांचा उगमच नाहीसा झाल्यामुळे थोड्याच दिवसांत ती गर्भधारणेपूर्वीच्या पातळीवर उतरतात. पहिल्या आठवड्यातील रडण्याशी या घसरणीची सांगड घालता येते. परंतु ही घसरण प्रत्येक बाळंतिणीत होते, नैराश्य मात्र मोजक्याच जणींना येते, हे कसे?

अमेरिकेत 2000 साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगाने या प्रश्नावर प्रकाश टाकला. त्यात 16 स्त्रियांना, ज्यांच्यापैकी त्या वेळी कोणीही बाळंतीण नव्हती, आठ आठवडे ही दोन्ही संप्रेरके मोठ्या मात्रेत देऊन मग ती एकाएकी बंद करण्यात आली. ज्या आठजणींना पूर्वी प्रसूतिपश्चात नैराश्य येऊन गेले होते, त्यांच्यापैकी पाचजणींचे मन पुन्हा खालावले, आणि ज्या आठजणींना ते कधीच आले नव्हते, त्यांच्यापैकी एकीचेही खालावले नाही. घसरण सर्वांची सारखीच होती. भेद होता तो तिला प्रतिसाद देणाऱ्या मेंदूच्या संवेदनशीलतेत. म्हणूनच मागच्या खेपेस नैराश्य आलेल्या स्त्रीची पुढच्या बाळंतपणात अधिक काळजी घ्यावी लागते.

गैरसमज: हे शहरी बायकांचे दुखणे आहे, आपल्याकडे करायला माणसे असतात.

वस्तुस्थिती: डॉ. विक्रम पटेल व त्यांच्या सहकाऱ्यांनी गोव्यातील 270 मातांची पाहणी करून 2002 साली जे निष्कर्ष मांडले, त्यांत प्रसूतीनंतर सहा ते आठ आठवड्यांनी 23 टक्के मातांत नैराश्य आढळले. त्यांच्यापैकी निम्म्याहून अधिक माता सहा महिन्यांनंतरही सावरलेल्या नव्हत्या. दारिद्र्य आणि पतीशी बेबनाव यांमुळे धोका वाढत होता, आणि मुलगा हवा असता मुलगी होणे हेही त्याचे एक कारण ठरत होते. शरीरातील घसरण जिथे अशा परिस्थितीशी मिळते, तिथे माणसांनी भरलेल्या घरातही बाई एकटी पडते.

गैरसमज: मनाचे औषध घेतले की अंगावर पाजणे बंद करावे लागते.

वस्तुस्थिती: सर्ट्रालीनसारख्या काही औषधांचा अंश दुधात अत्यल्प उतरतो, त्यामुळे वैद्यकीय सल्ल्याने उपचार व स्तनपान दोन्ही चालू ठेवता येतात. सौम्य नैराश्यात तर समुपदेशनानेही गुण येतो.

दवाखान्यात बाळंत झालेल्या मातेकडे आशाताईंच्या गृहभेटी 3, 7, 14, 21, 28 आणि 42 व्या दिवशी ठरलेल्या असतात. चौदाव्या दिवशीच्या भेटीत बाळाच्या वजनाबरोबरच ‘बाळ झोपल्यावर तुम्हाला झोप येते का?’ एवढे विचारावे. उत्तर नकारार्थी असून उदासीही कायम असेल, तर जिल्हा रुग्णालयातील मानसोपचार विभाग गाठावा, किंवा 14416 या शासकीय ‘टेली-मानस’ क्रमांकावर बोलावे. या मुदतीला दोन अपवाद आहेत. बाळंतीण मरणाचे किंवा बाळाला इजा करण्याचे बोलू लागली, अथवा तिची झोप पूर्ण उडून ती असंबद्ध बरळू लागली, तिला भास होऊ लागले, तर दिवस न मोजता, तिला व बाळाला एकटे न सोडता, त्याच दिवशी तिला रुग्णालयात न्यावे.