कॉफीत वेलची कधी घालायची?

सौदी अरेबियात आणि आखाती देशांत पाहुण्याला दिली जाणारी ‘गहवा’ आपल्या कॉफीसारखी काळपट नसते. बिया हलक्याच भाजलेल्या असल्याने ती सोनेरी, पातळ दिसते आणि वेलचीचा वास त्यात स्पष्ट कळतो. साखर नसते, सोबत खजूर असतो.

घरी करायची तर अर्धा लिटर पाण्यात हलक्या भाजणीची तीन चमचे जाडसर कॉफी दहा मिनिटं मंद उकळा. मग चमचाभर कुटलेली वेलची घालून पाचेक मिनिटं ठेवा, गाळ बसू द्या. वेलची सुरुवातीलाच टाकली तर तिचा वास वाफेबरोबर उडून जातो, सालांचा कडवटपणा मात्र कपात उरतो.

आपली नेहमीची गडद कॉफी स्वतःच कडू आणि धुरकट असते. तिच्यात नाजूक वेलची हरवते, दालचिनी टिकते. पण दालचिनीची पूड विरघळत नाही, तळाशी बुळबुळीत थर धरते. त्यामुळे बोटभर तुकडा पाण्याबरोबरच उकळून काढून टाकावा.

सुंठ सर्वांत फसवी. पहिल्या घोटाला ती जाणवत नाही, तिसऱ्याला घशात चढते. येमेनमध्ये तर कॉफीच्या वाळलेल्या सालांचं ‘किशर’ आल्याबरोबरच उकळतात. दुधाच्या कॉफीला कपामागे दोन चिमटी सुंठ पुरे, आणि साखर थोडी जास्त.

तिन्ही मसाले एकाच कपात मात्र घालू नका, कॉफीचा मसाला-चहा होतो.