दोन कप चहा आणि आठ सेकंद

सिनेमा पाहताना आमचे भाईजान नेहमी एक क्षण उशिरा हसतात. काचबिंदूने त्यांची नजर गेली, त्याला आता वीस वर्षे झाली. शेजारी बसलेलं कोणीतरी कानात कुजबुजतं, मग ते हसतात, आणि तोवर बाकीचे पुढच्या प्रसंगात रमलेले असतात. म्हणून धाकट्या बहिणीच्या मुलीने कॉलेजसाठी ११ मिनिटांची शॉर्ट फिल्म केली, तेव्हा ती माझ्याकडे आली ती एकच गोष्ट घेऊन. "खाला, मामूंना ही फिल्म आपल्याबरोबरच कळली पाहिजे. मागाहून नाही."

यासाठी जी सोय असते तिला ऑडिओ डिस्क्रिप्शन म्हणतात. दोन संवादांच्या मधल्या शांत जागेत एक आवाज पडद्यावर काय दिसतंय ते थोडक्यात सांगतो. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात या सोयीचा उल्लेख आहे आणि २०२४ मध्ये चित्रपटगृहांतल्या सिनेमांसाठी केंद्र सरकारने त्याविषयी मार्गदर्शक तत्त्वेही काढली. पण कॉलेजातल्या मुलीच्या फिल्मसाठी हे काम कोण करणार? तिने आणि मीच करायचं ठरवलं.

पहिल्या दिवशी आम्ही काहीच लिहिलं नाही. डोळे मिटून फिल्म ऐकली आणि जिथे काही कळेना तिथे वेळ टिपली. गोष्ट साधी आहे. शिवणकाम करून घर चालवणाऱ्या एक नानी, आणि नोकरीसाठी दूरच्या शहरात निघालेली त्यांची नात. ऐकताना लक्षात आलं की पुष्कळ गोष्टी सांगायची गरजच नाही. शिलाई मशीन ऐकू येतं. मगरिबची अजान होते, म्हणजे संध्याकाळ झाली, हे आपल्या घरात कोणाला सांगावं लागतं? तिथे आम्ही गप्प राहायचं ठरवलं. मग स्टॉपवॉच घेऊन मोकळ्या जागा मोजल्या. माझ्या बोलण्यात सेकंदाला साधारण दोन मराठी शब्द बसतात. पाच सेकंदांची जागा म्हणजे दहा शब्द, त्याहून जास्त कोंबले की आवाज धावतो आणि ऐकणाऱ्याला दम लागतो.

खरी परीक्षा शेवटच्या प्रसंगाची होती. नात निघून गेली आहे. सकाळी नानी चहा करतात, सवयीने दोन कप भरतात, थबकतात, आणि एका कपातला चहा पुन्हा पातेल्यात ओततात. एकही शब्द नाही. सगळं मिळून आठ सेकंद. न पाहणाऱ्याला नुसता चहा ओतल्याचा आवाज दोनदा येतो, आणि फिल्म संपते.

मी पहिल्यांदा लिहिलं ते असं: "नातीच्या आठवणीने व्याकूळ झालेल्या नानी नेहमीच्या सवयीने दोन कपांत चहा ओततात, मग भानावर येऊन एका कपातला चहा दुःखाने परत पातेल्यात ओततात." एकवीस शब्द, म्हणजे साडेदहा सेकंद. जागेत मावत नव्हतंच, शिवाय चहाचा आवाजही त्याखाली बुडत होता. भाईजानांना ऐकवलं तर ते म्हणाले, "अगं, नानी व्याकूळ झाल्या हे तुला दिसलं का? तुला कप दिसले. कपांचं सांग. रडायचं की नाही ते मी बघतो."

मग एकेक शब्द काढत गेलो. मराठीत क्रियापद शेवटी येतं. "नानी दोन कपांत चहा ओततात" यातलं "ओततात" उच्चारेपर्यंत ओतून झालेलं असायचं. भाचीने ते क्रियापदच काढून टाकलं. "दोन कपांत चहा." पुढे चहाचा आवाज. "नानी थबकतात." क्षणभर शांतता. "एका कपातला पुन्हा पातेल्यात." आणि परत चहाचा आवाज. आता "ओतणं" हे काम तो आवाजच करतो. नऊ शब्द, साडेचार सेकंद, बाकी जागा मोकळी.

फिल्म इंग्रजीतही सादर व्हायची होती. आम्हाला वाटलं, मराठीचं भाषांतर करू की झालं. तसं होत नाही. इंग्रजीत क्रियापद गाळलं तर वाक्य लंगडं पडतं. दुसरी अडचण माणसं ओळखण्याची. मराठीत "उठतात" म्हटलं की नानी आणि "उठते" म्हटलं की नात, हे आदरामुळेच कळतं, नाव घ्यावं लागत नाही. इंग्रजीत दोघींना एकच सर्वनाम, त्यामुळे नाव पुन्हा पुन्हा घ्यावं लागलं. आम्ही इंग्रजी वेगळं लिहिलं, आणि वेळेसकट अशी फाइल केली:

```
00:10:12.000 --> 00:10:14.000
Nani fills two cups.

00:10:15.500 --> 00:10:16.500
She stops.

00:10:17.000 --> 00:10:19.000
One goes back in the pan.
```

इंग्रजी ऐकणाऱ्याला मराठी संवादही कळत नाहीत. खालच्या ओळी त्याला वाचता येत नाहीत, म्हणून त्याही दुसऱ्या आवाजात वाचाव्या लागल्या, आणि वर्णनाच्या जागा आणखी आकसल्या.

एक प्रसंग मात्र आमच्या हातून निसटलाच होता. स्वयंपाकघरात दोघी भरभर बोलत असतात आणि बोलता बोलता नात नोकरीच्या पत्राचा लिफाफा पिठाच्या डब्याखाली सरकवते. तिथे एका सेकंदाचीही फट नाही. चित्र थांबवून वर्णन करायची एक पद्धत आहे, पण भाचीला ती नको होती. शेवटी आधीच्या फटीत "नातीच्या हातात लिफाफा" एवढं सांगून ठेवलं आणि संवाद संपल्याबरोबर "लिफाफा पिठाच्या डब्याखाली." क्रम थोडा मागेपुढे झाला. चित्रीकरणाआधी विचार केला असता तर तो शॉट दोन सेकंद लांबवता आला असता.

राहिलं पोस्टर. न पाहणारी व्यक्ती फोनवर स्क्रीन रीडर वापरते, तो अक्षरं वाचून दाखवतो, पण चित्रावर छापलेलं नाव त्याला एरवी वाचता येईलच असं नाही. म्हणून चित्रामागे वेगळा मजकूर लिहितात, तो ऑल्ट टेक्स्ट. भाचीने आधी नुसतं "फिल्मचं पोस्टर" लिहिलं होतं. मग चार ओळी झाल्या, त्यात पडद्याचा रंगसुद्धा. शेवटी हे ठेवलं:

```
<img src="poster.jpg" lang="mr"
alt="शिलाई मशीनवर पाठमोऱ्या बसलेल्या वयस्कर बाई. दाराशी भरलेली बॅग. वर नाव: शेवटचा टाका.">
```

यात "नानी" नाही, कारण नातं फिल्ममध्ये नात हाक मारते तेव्हा कळतं, पोस्टरवर नाही. दोन कपांचा फोटोही आम्ही आधी कुठे टाकला नाही. `lang="mr"` हे विसरू नये. ते नसलं तर इंग्रजी आवाज मराठी अक्षरं वेडीवाकडी वाचतो किंवा गाळून टाकतो. व्हॉट्सॲपवर चित्र पाठवायचं असेल तर हाच मजकूर खाली लिहून टाकायचा.

रविवारी घरात सगळ्यांसमोर वर्णनासह फिल्म लावली. शेवटचा चहा पातेल्यात पडला तेव्हा खोलीत कोणी बोललं नाही, भाईजानही नाहीत. मग थोड्या वेळाने ते भाचीला म्हणाले, "बेटा, दुसऱ्या मिनिटाला मशीन चालू असताना खाला बोलली आहे. तिथला टाका मला ऐकायचा होता." भाचीने तिथल्या तिथे लॅपटॉप उघडला.