टोलनाक्याच्या अलीकडचे आणि पलीकडचे

पुण्याहून शिरवळच्या कारखान्यांत रोज ये-जा करणारे बरेच जण आहेत. कंपनीच्या बसची वेळ जुळत नाही किंवा बसच नसते, मग चौघं मिळून एका गाडीने जायला लागतात. पहिल्या महिन्यात हिशेब सोपा असतो: पेट्रोल आणि टोलची बेरीज, भागिले चार. दुसऱ्या महिन्यात कुणीतरी गप्प होतं आणि तिसऱ्या महिन्यात ‘मी आता बाइकने येतो’ असं सांगतं. बहुतेक वेळा हा माणूस सर्वांत कमी अंतर बसणारा असतो, आणि त्याची तक्रार खरी असते.

एक उदाहरण मांडून पाहू. गाडीमालक कोथरूडहून निघतो. दहा किलोमीटरवर नवले पुलाजवळ दोघं बसतात. पुढे नवा कात्रज बोगदा आणि खेड शिवापूरचा टोलनाका ओलांडून, आणखी बावीस किलोमीटरवर, नसरापूरचा सहकारी चेलाडी फाट्यावर बसतो. तिथून शिरवळ सोळा किलोमीटर. अंतरं ढोबळ आहेत. गाडी लिटरला १५ किलोमीटर देते आणि पेट्रोल १०५ रुपये लिटर आहे असं धरू, म्हणजे किलोमीटरला सात रुपये पडतात. एका बाजूच्या ४८ किलोमीटरचं पेट्रोल ३३६ रुपयांचं.

सरळ चार भाग केले तर प्रत्येकी ८४ रुपये. नसरापूरचा माणूस सोळा किलोमीटर बसतो, त्या अंतराचं सगळं पेट्रोलच ११२ रुपयांचं आहे, आणि चौघांत तो एकटाच ८४ भरतो. तो गप्प का झाला, ते इथे कळतं.

यावर सहसा सुचणारा उपाय म्हणजे ज्याचे जितके किलोमीटर तितके पैसे. चौघांचे किलोमीटर ४८, ३८, ३८ आणि १६, एकूण १४०. ३३६ ला १४० ने भागलं की माणशी किलोमीटरला २ रुपये ४० पैसे. मालकाचे ११५ रुपये २० पैसे, नवले पुलावरच्यांचे प्रत्येकी ९१ रुपये २० पैसे, नसरापूरकराचे ३८ रुपये ४० पैसे. आधीपेक्षा हे पुष्कळ बरं आहे, पण यात एक गोष्ट लपते. कोथरूड ते नवले पूल गाडीत मालक एकटाच असतो. त्या दहा किलोमीटरचे सत्तर रुपये या पद्धतीत चौघांवर पसरतात. गाडीत त्या वेळी नसलेली माणसंही ते भरतात.

म्हणून मला टप्प्यांची पद्धत जास्त न्याय्य वाटते. जिथे कुणी चढतं किंवा उतरतं तिथे रस्ता तोडायचा आणि प्रत्येक तुकड्याचा खर्च त्या तुकड्यात गाडीत असलेल्यांतच समान वाटायचा. पहिल्या तुकड्याचे ७० रुपये एकट्या मालकाचे. दुसऱ्या तुकड्याचे १५४ रुपये तिघांत, म्हणजे प्रत्येकी सुमारे ५१ रुपये ३३ पैसे. तिसऱ्याचे ११२ चौघांत, प्रत्येकी २८. बेरीज केली की मालकाकडे १४९ रुपये ३३ पैसे, नवले पुलावरच्यांकडे ७९ रुपये ३३ पैसे आणि नसरापूरकराकडे फक्त २८ रुपये येतात. मालकाला हे जड वाटेल, पण एकट्याने गेला असता तर त्याला ३३६ लागलेच असते. निम्म्याहून जास्त खर्च अजूनही वाचतो आहे.

ही पद्धत अर्थशास्त्रातही भक्कम पायावर उभी आहे. लॉइड शॅप्ली या गणितज्ञाने १९५३ साली सामाईक खर्च आणि फायदा न्याय्यपणे वाटण्याचं एक सूत्र मांडलं; त्याला २०१२ साली अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. ते सूत्र वापरायला किचकट आहे. पण १९७३ साली लिटलचाइल्ड आणि ओवेन या दोघांनी विमानतळाच्या धावपट्टीचा प्रश्न घेऊन दाखवलं की अशा खर्चात ते फार सोपं होतं. लहान विमानाला धावपट्टीचा थोडाच भाग लागतो, मोठ्याला सगळी लागते. मग प्रत्येक वाढीव भागाचा खर्च तो भाग ज्यांना लागतो त्यांच्यातच समान वाटायचा. आपल्या गाडीचं गणित हेच आहे, फक्त सगळे शिरवळला एकत्र उतरतात म्हणून ते मागून पुढे वाचायचं.

पण हे सूत्र किलोमीटरच्या दरावर उभं आहे, म्हणून तो दर नीट काढायला हवा. डॅशबोर्डवरचं ॲव्हरेज बऱ्याचदा चढं असतं. टाकी काठोकाठ भरायची, ट्रिप मीटर शून्यावर आणायचा आणि पुढच्या वेळी पुन्हा काठोकाठ भरताना धावलेल्या किलोमीटरला तेव्हा भरलेल्या लिटरने भागायचं. टायर आणि सर्व्हिसिंगसाठी मालकाला काही हवं असेल तर किलोमीटरला रुपया-दोन रुपये उघडपणे ठरवून दरात मिळवावेत. मात्र त्यावर नफा जोडू नये. खासगी नोंदणीच्या गाडीतून परवान्याशिवाय भाडं कमावणं कायद्यात बसत नाही.

टोलचा स्वभाव पेट्रोलसारखा नाही. तो किलोमीटरवर वाढत जात नाही, एका जागी एकदम लागतो. त्यामुळे नाका ओलांडताना गाडीत कोण होतं, एवढंच पाहायचं. खेड शिवापूरच्या टोलचे तीन भाग होतात आणि नसरापूरकराचा त्यात वाटा नाही. नाका नेमका त्याच्या चढण्याच्या जागेच्या अलीकडे असल्यामुळे हे प्रश्न फार स्वच्छ सुटतात.

गोंधळ होतो तो वार्षिक पासमुळे. राष्ट्रीय महामार्गांसाठी फास्टॅगचा हा पास १५ ऑगस्ट २०२५ रोजी सुरू झाला तेव्हा ३००० रुपयांना होता. मुदत एक वर्ष किंवा २०० फेऱ्या, जे आधी संपेल ते. नाव वार्षिक असल्यामुळे अनेक जण ३००० ला बाराने भागून महिन्याला अडीचशे रुपये टोल धरतात. आपल्या चौघांच्या गाडीत तसं केलं तर मालक गोत्यात येईल. इथे नाका एकदा ओलांडला की एक फेरी संपते. महिन्याला बावीस कामाचे दिवस, जाऊन-येऊन ४४ फेऱ्या, म्हणजे २०० फेऱ्या साडेचार महिन्यांतच संपतात आणि नवा पास घ्यावा लागतो. म्हणून ३००० ला २०० ने भागावं: नाक्यावर प्रत्येक वेळी १५ रुपये, तिघांत प्रत्येकी पाच. पासची किंमत बदलली तर आकडा बदलेल, रीत तीच राहील. रविवारी मालक सहकुटुंब साताऱ्याला गेला तर त्या फेऱ्या त्याच्या स्वतःच्या. पास एकाच गाडीच्या नोंदणीला जोडलेला असतो. एखाद्या दिवशी दुसऱ्याची पास नसलेली गाडी काढली, तर त्या दिवशीच्या टोलची खरी रक्कम तिघांत वाटायची. पुणे-मुंबई द्रुतगती मार्गावर हा पास चालत नाही, हेही लक्षात असू द्यावं.

मग उरतात रजेचे दिवस, आणि माझ्या मते गट फुटतात ते इथे. नवले पुलावरचा एक जण आला नाही तर मधल्या तुकड्याचे १५४ रुपये दोघांवर येतात. ७७ रुपयांप्रमाणे उरलेल्या प्रत्येकाला त्या तुकड्यातच सुमारे २६ रुपये जास्त पडतात, आणि पुढच्या तुकड्यात नसरापूरकरालाही २८ च्या जागी सुमारे ३७ द्यावे लागतात. यासाठी आधीच नियम ठरवावा. आदल्या संध्याकाळी आठपर्यंत कळवलं तर त्या दिवसाचा वाटा माफ, नंतर कळवलं किंवा कळवलंच नाही तर पूर्ण वाटा. कारण त्याच्यासाठी जागा राखलेली असते आणि ती दुसऱ्या कुणाला देता येत नाही. वळसा घेऊन कुणाला घरापाशी सोडलं तर त्या वळशाचे किलोमीटर त्याच्या एकट्याच्या नावावर टाकावेत, आणि रोज कोण कुठे चढलं याची एक ओळ सामाईक वहीत लिहून महिनाअखेरीला हिशेब मिटवावा.