गंगावन रंगवण्याआधी

लग्नासाठी आणलेलं गंगावन घरी येऊन उन्हात धरलं की तांबूस दिसतं आणि आपले केस असतात काळेभोर. मग त्याच केसांचा डाय त्याला लावायचा विचार मनात येतो. पण आधी ते कशाचं आहे हे ओळखायला हवं.

आतल्या बाजूचे दोन-चार केस उपटून चिमट्यात धरा, खाली बशी ठेवा आणि काडी लावा. माणसाचा केस चुरचुरत जळतो, जळक्या केसांचा ओळखीचा वास येतो आणि बोटांनी चुरडता येईल अशी राख उरते. कृत्रिम धागा वितळून आक्रसतो, त्याची टणक गोळी होते. दोन्हींची भेसळही विकली जाते, म्हणून वेगवेगळ्या जागचे केस तपासा.

माणसाच्या केसावर माशासारखे बारीक खवले असतात. डायमधला अमोनिया ते उघडतो, रंगाचे लहान रेणू आत शिरतात आणि पेरॉक्साइडमुळे तिथेच मोठे होऊन अडकतात. कृत्रिम धागा बहुधा मोडॅक्रिलिक किंवा पॉलिएस्टरचा असतो. त्याला खवले नाहीत आणि त्याचा रंग बहुधा कारखान्यातच धाग्यात मुरवलेला असतो. केसांचा डाय त्यावर नुसता बसतो आणि धुतला की निघून जातो. ब्लीचनेही तो उजळत नाही. पॉलिएस्टरसाठी डिस्पर्स रंग मिळतो, पण त्याला जवळजवळ उकळतं पाणी लागतं. त्यात कुरळेपणा मोडतो, धागा गुंतून खराब होतो.

समजा, आपलं गंगावन खऱ्या केसांचं निघालं. तरी ते कोरे केस नसतात. दुकानात येण्याआधी बहुतेकदा त्यांचा मूळ रंग काढून नवा दिलेला असतो. स्वस्त मालात खवलेही आम्लाने काढून वर सिलिकॉनचा थर चढवतात. असे केस कुठे रंग पटकन पितात, कुठे अजिबात घेत नाहीत. त्यामुळे आधी एकाच बटेवर रंग लावून बघा. कंडिशनर न लावता शाम्पूने धुऊन वाळवा, तीन टक्के पेरॉक्साइडमध्ये डाय कालवा आणि शिवणीपासून बोटभर अंतर सोडून लावा, कारण शिवणीचा दोरा आणि गाठी रंगल्या की त्या डोक्यावर उठून दिसतात. दर पाच मिनिटांनी थोडा रंग पुसून पाहा. ओल्या केसात रंग गडद भासतो, म्हणून निकाल बट वाळल्यावरच ठरवा.

तांबूस गंगावन गडद करणं यामुळे जमतं. काळं गंगावन उजळ करणं मात्र घरी करू नये. एकदा ब्लीच झालेल्या केसावर पुन्हा ब्लीच पडलं की तो ओला असताना रबरासारखा ताणला जातो आणि तुटतो. डोक्यावरचा केस मुळापासून पुन्हा वाढतो, गंगावनाचा नाही.

खरेदीला जाताना आपल्या केसांच्या टोकांशी रंग जुळवा, मुळांशी नाही, आणि तो दुकानाबाहेर उन्हात पाहा. कृत्रिम धाग्याचं घेणार असाल तर हव्या त्याच रंगाचं घ्या.