नोकरी शोधताय, पण ऑफिसात कळू द्यायचं नाही?

हातात एक नोकरी असताना दुसरी शोधणाऱ्यांना लिंक्डइनवर प्रोफाइल उघडायची धास्ती वाटते. साहेबांना कळलं तर? ही धास्ती रास्त आहे, आणि तिच्यावर बऱ्यापैकी उपायही आहे. मात्र तो कामांच्या क्रमात आहे.

एक उदाहरण घेऊ. नाशिकला अंबड एमआयडीसीतल्या एका कारखान्यात एक मुलगी चार वर्षं अकाउंट्स पाहते आहे आणि आता तिला पुण्यात नोकरी हवी आहे. प्रोफाइलमध्ये सध्याची नोकरी भरताना तिथे Notify network असं बटण दिसतं. ते आधी बंद करायचं, नाहीतर बदलाची बातमी ओळखीच्यांपर्यंत जाऊ शकते. कंपनीचं नाव टाइप करताना खाली यादी उघडते, त्यातूनच ते निवडायचं. नुसतं हाताने लिहिलेलं नाव कंपनीच्या पेजला जोडलं जात नाही, आणि त्याची गरज पुढे पडते.

मग Open to work. इथे दोन पर्याय असतात. ‘सगळ्यांना दिसू दे’ निवडलं, तर फोटोभोवती हिरवी पट्टी येते आणि ती कारखान्यातल्या सहकाऱ्यांनाही दिसते. ‘फक्त रिक्रूटर्सना’ निवडलं, तर पट्टी येत नाही, आणि आपल्याच कंपनीच्या रिक्रूटर्सपासून ही माहिती लपवायचा प्रयत्न ॲप करतं. पण आपली कंपनी कोणती हे ॲपला कळायला हवं; म्हणून यादीतून नाव निवडणं महत्त्वाचं. तरी पूर्ण गुप्ततेची हमी लिंक्डइन स्वतःही देत नाही. आपल्याच कंपनीसाठी माणसं शोधणाऱ्या बाहेरच्या कन्सल्टन्सीला हे दिसू शकतं. याच ठिकाणी पदांची नावं आणि हवी ती शहरं भरायची असतात. तिथे पुणे लिहायला विसरलं, तर पुण्यातल्या रिक्रूटरच्या यादीत नाव येणं अवघडच.

रिक्रूटर शोधतो ते शब्दांनी. त्यामुळे नावाखालच्या हेडलाइनमध्ये ‘मेहनती आणि प्रामाणिक’ लिहून काही साधत नाही. ते कुणी शोधत नाही. या मुलीने असं लिहावं:

```
Accounts Executive | GST Returns, TDS, Tally Prime, Bank Reconciliation
```

हेडलाइनला २२० अक्षरांची मर्यादा आहे, एवढ्याला ती पुरून उरते. खाली अनुभवात ‘अकाउंट्सची सर्व कामं’ असं मोघम न लिहिता दर महिन्याला GSTR-1 आणि GSTR-3B आपण भरतो, तिमाहीला टीडीएसचं रिटर्न करतो, असं नाव घेऊन सांगावं. काम जाणणाऱ्याला तेवढ्यावरून तिचा आवाका कळतो.

अलर्ट लावताना बहुतेक जण एकच शब्द टाकतात आणि गफलत तिथेच होते. नुसतं accountant टाकलं, की सीए झालेल्यांच्या जागाही येऊन पडतात. शिवाय एकाच कामाला एक कंपनी Accounts Executive म्हणते, दुसरी Accounts Officer, तिसरी GST Executive. म्हणून प्रत्येक नावाचा वेगळा शोध घ्यायचा, शहर पुणे ठेवायचं, अनुभवाची चाळणी लावायची आणि मग त्या शोधावर अलर्ट चालू करायचा. रोजचा की आठवड्याचा, हे विचारलं जातं, रोजचा घ्यावा. चांगल्या जागेला पहिल्या दिवसांतच अर्जांचा ढीग लागतो. आठवडाभर अलर्ट पाहून नको त्या जागा कोणत्या शब्दामुळे येताहेत ते शोधावं आणि तो अलर्ट काढून टाकावा.

राहिला रेझ्युमे. तो दोन ठिकाणी चढवता येतो आणि दोन्हींत मोठा फरक आहे. प्रोफाइलच्या Featured भागात टाकला, तर तो प्रोफाइल पाहणाऱ्या कुणालाही उघडता येतो, त्यावरच्या मोबाइल नंबरासकट. आपल्या उदाहरणातल्या मुलीने तर तिथे मुळीच टाकू नये; एवढी गुप्तता पाळून काय उपयोग? अर्ज करतानाच्या Easy Apply मध्ये जोडलेली फाइल मात्र ज्या जागेसाठी अर्ज केला, त्यांच्याकडे जाते. तिथे पीडीएफ किंवा वर्ड फाइल चालते. आधीच्या अर्जांच्या फाइली तिथे साठून राहतात आणि घाईत जुनीच जाते. फाइलला resume-final असं नाव देण्यापेक्षा पद आणि महिना नावातच घालावा.

फाइल चढवण्याआधी एक तपासणी करावी. पीडीएफ उघडून सगळा मजकूर कॉपी करायचा आणि साध्या नोटपॅडमध्ये पेस्ट करायचा. काहीच आलं नाही, तर ती स्कॅन केलेली, म्हणजे नुसतं चित्र असलेली फाइल आहे. दोन रकान्यांची डिझाइन असेल, तर कंपनीचं नाव एकीकडे आणि तारखा भलतीकडे गेलेल्या दिसतात. अनेक कंपन्यांचं सॉफ्टवेअर रेझ्युमेतला मजकूर असाच उचलतं, तेव्हा नोटपॅडमध्ये विस्कटलेला अनुभव तिथेही विस्कटण्याचीच शक्यता जास्त. अशा वेळी नक्षीदार साचा सोडून एका रकान्यात, वर्डमध्ये, सरळ वरून खाली लिहावं आणि त्याची पीडीएफ करून पुन्हा तीच तपासणी करावी.