दांड्या पूर्ण, कॉल मात्र लागेना

फोन फोरजीचा, सिग्नलच्या दांड्या पूर्ण, इंटरनेटही सुसाट. तरी कॉल लागत नाही. २८ ऑक्टोबर २०२४ पासून ऑस्ट्रेलियात टेल्स्ट्रा आणि ऑप्टस यांनी थ्रीजी बंद करायला घेतलं, तेव्हा असे फोन अडचणीत आले.

गोम अशी, की फोरजी मुळात डेटासाठीच घडवलेलं. त्यावरून बोलायला ‘व्होल्टी’ ही सोय फोनमध्ये असावी लागते. ती नसेल, तर नंबर फिरवताच फोन गुपचूप थ्रीजीवर उतरतो. कॉल सुरू असताना वर ‘4G’ जाऊन ‘3G’ किंवा ‘H’ दिसलं, की समजावं. खालचं जाळंच काढून घेतलं, तर उतरणार कुठे?

त्याहून फसवे निघाले दुसरे फोन. त्यांचे रोजचे कॉल व्होल्टीवरून बिनबोभाट लागायचे. फक्त ०००, म्हणजे तिथला आणीबाणीचा नंबर, फिरवला की ते थ्रीजी शोधायचे. मालकाला हे कळणार कसं? ००० सहज लावून बघण्याचा नंबर नव्हे! म्हणून 3498 वर नुसता ‘3’ एसएमएस केला की फोन चालेल की नाही, याचं उत्तर यायचं.

सरकारी नियमानुसार कंपन्यांना असे फोन नेटवर्कवरूनच तोडावे लागले, धडधाकट दिसणारेसुद्धा.