बासष्ट अंशांचा चकवा

भूमितीच्या शिक्षकांचा एक आवडता प्रश्न आहे. ‘अबकड’ हा चौकोन कागदावर हातानेच, वेडावाकडा काढायचा आणि त्यात ‘बड’ हा कर्ण ओढायचा. चौकोनाचे दोन त्रिकोण होतात. ‘अबड’ या त्रिकोणात अ जवळचा कोन ५९ अंश, ब जवळचा ६० आणि ड जवळचा ६१. पलीकडच्या ‘बकड’ त्रिकोणात क जवळचा कोन ६२ अंश, ब जवळचा ६० आणि ड जवळचा ५८. आकृतीत एकूण पाच रेषाखंड आहेत: चार बाजू आणि एक कर्ण. त्यांतला सर्वांत लांब कोणता?

बहुतेकांचे बोट लगेच कर्णावर जाते. सगळ्या आकृतीत मोठा कोन ६२ अंशांचा आणि त्याच्या समोर कर्ण, म्हणजे झाले! शाळेत शिकलेले वाक्यही आठवते: मोठ्या कोनासमोर मोठी बाजू असते. उत्तर मात्र चुकलेले असते. चूक प्रमेयाची नाही. त्याच्या सुरुवातीचे ‘एकाच त्रिकोणात’ हे दोन शब्द उत्तर देणाऱ्याने मध्येच कुठेतरी गाळलेले असतात.

आकृती नीट काढून पट्टीने मोजायची म्हटले, तर तेही सोपे नाही. ‘अब’ ही बाजू दहा सेंटिमीटर धरली, तर तिच्यात आणि शेजारच्या बाजूत जेमतेम एक मिलिमीटरचा फरक पडतो. कोनमापकावर अर्धा अंश इकडेतिकडे झाला किंवा पेन्सिलीचे टोक बोथट असले, की तेवढा फरक सहज गिळला जातो. इथे मोजमाप थकते. निकाल लावायला सिद्धताच लागते.

ही सिद्धता फार जुनी आहे. इसवी सनापूर्वी ३०० च्या सुमारास युक्लिडने ग्रीक भाषेत ‘एलिमेंट्स’ हा ग्रंथ रचला. त्याच्या पहिल्या भागात अठराव्या आणि एकोणिसाव्या क्रमांकावर ही प्रमेयांची जोडी येते. अठराव्या शतकात जयपूरच्या सवाई जयसिंहांच्या दरबारातील जगन्नाथ सम्राट यांनी हाच ग्रंथ अरबीवरून ‘रेखागणित’ या नावाने संस्कृतात आणला. ते ‘रेखागणित’ १९०१-०२ मध्ये मुंबईत छापूनही निघाले. जोडी म्हणायचे कारण असे, की दोन्ही प्रमेये दिसायला सारखी असली तरी त्यांचे म्हणणे एक नाही. पहिले सांगते, बाजू मोठी असेल तर समोरचा कोन मोठा. दुसरे सांगते, कोन मोठा असेल तर समोरची बाजू मोठी. दुसरे हा पहिल्याचा व्यत्यास. व्यत्यास आपोआप खरा ठरत नाही, म्हणून दोन्ही वेगवेगळी सिद्ध करावी लागतात.

आधी पहिले प्रमेय घेऊ. ‘परस’ हा त्रिकोण घ्यायचा. ‘पर’ ५ सेंटिमीटर, ‘रस’ ६ आणि ‘पस’ ७. पट्टी आणि कंपास असेल तर दोन मिनिटांत काढून होतो. ‘पस’ ही ‘पर’पेक्षा मोठी आहे. ‘पस’च्या समोर र जवळचा कोन आहे आणि ‘पर’च्या समोर स जवळचा. र जवळचा कोन स जवळच्या कोनापेक्षा मोठा आहे, हे दाखवायचे आहे.

अडचण अशी, की हे दोन कोन त्रिकोणाच्या दोन वेगळ्या टोकांना आहेत. त्यांची थेट तुलना कशी करणार? युक्लिडची युक्ती इथे आहे. मोठ्या बाजूवर, म्हणजे ‘पस’वर, प पासून बरोबर ५ सेंटिमीटर अंतरावर ट हा बिंदू घ्यायचा आणि ट व र जोडायचे. आता ‘पट’ आणि ‘पर’ या दोन्ही बाजू सारख्या लांबीच्या झाल्या, म्हणजे ‘परट’ हा समद्विभुज त्रिकोण झाला. समद्विभुज त्रिकोणात सारख्या बाजूंसमोरचे कोन सारखे असतात. म्हणून या छोट्या त्रिकोणातला र जवळचा कोन आणि ट जवळचा कोन एकमेकांएवढे.

हा ट जवळचा कोनच दोन टोकांमधला मध्यस्थ आहे. एकीकडून पाहिले, तर तो उरलेल्या ‘टरस’ या त्रिकोणाचा बाह्यकोन आहे. बाह्यकोन हा दूरस्थ आंतरकोनापेक्षा नेहमी मोठा असतो, म्हणून तो स जवळच्या कोनापेक्षा मोठा. दुसरीकडून पाहिले, तर तो छोट्या त्रिकोणातल्या र जवळच्या कोनाएवढा आहे. हा छोटा कोन मूळ त्रिकोणाच्या र जवळच्या पूर्ण कोनाचा केवळ एक भाग आहे, कारण ट हा ‘पस’च्या मध्येच कुठेतरी आहे आणि ‘रट’ ही रेषा त्या कोनाच्या आतून जाते. थोडक्यात, र जवळचा पूर्ण कोन मध्यस्थापेक्षा मोठा आणि मध्यस्थ स जवळच्या कोनापेक्षा मोठा. सिद्धता संपली.

आकडे घालून पाहिले, तर हे अधिक स्पष्ट दिसते. या त्रिकोणात र जवळचा कोन सुमारे ७८.५ अंश, स जवळचा ४४.४ आणि प जवळचा ५७.१. मध्यस्थ कोन येतो सुमारे ६१.४ अंश, म्हणजे दोघांच्या अगदी मधोमध. हा योगायोग नाही. ‘रट’ रेषेने र जवळच्या कोनातून जेवढा तुकडा वेगळा काढला, बरोबर तेवढ्यानेच मध्यस्थ स जवळच्या कोनापेक्षा मोठा असतो. इथे तो तुकडा सतरा अंशांचा आहे. म्हणून मध्यस्थ कोन हा नेहमी त्या दोन कोनांची सरासरी असतो.

दुसऱ्या प्रमेयासाठी नवी रेषाही ओढावी लागत नाही. र जवळचा कोन स जवळच्या कोनापेक्षा मोठा आहे, एवढेच दिले आहे. ‘पस’ आणि ‘पर’ या बाजूंबद्दल तीनच शक्यता आहेत. त्या सारख्या असत्या, तर त्रिकोण समद्विभुज झाला असता आणि कोनही सारखे आले असते. ‘पस’ लहान असती, तर नुकत्याच सिद्ध केलेल्या प्रमेयाने र जवळचा कोनही लहान आला असता. दोन्ही दिलेल्या गोष्टीच्या विरुद्ध आहेत. मग उरले ते एकच: ‘पस’ मोठी. काही विद्यार्थ्यांना ही पळवाट वाटते, पण ती तशी नाही. सारखे, लहान आणि मोठे या तिन्ही घरांचा हिशेब आधीच झाला असल्यामुळेच व्यत्यास इतक्या स्वस्तात मिळतो.

आता त्या चौकोनाकडे जाता येईल. पहिल्या त्रिकोणात ६१ अंशांसमोर ‘अब’, ६० अंशांसमोर ‘अड’ आणि सर्वांत लहान ५९ अंशांसमोर ‘बड’. म्हणजे कर्ण हा या त्रिकोणातली सर्वांत लहान बाजू आहे. दुसऱ्या त्रिकोणात ६२ अंशांसमोर तोच कर्ण, पण इथे तो सर्वांत मोठा. त्याच्याखाली ‘कड’ आणि मग ‘बक’. कर्ण दोन्हीकडे सामाईक असल्याने दोन्ही क्रम एकमेकांना जोडता येतात: ‘अब’ सर्वांत मोठी, मग ‘अड’, मग कर्ण, मग ‘कड’, शेवटी ‘बक’. ‘अब’ दहा सेंटिमीटर धरली, तर बाकीच्या अनुक्रमे ९.९, ९.८, ९.६ आणि ९.४ सेंटिमीटरच्या जवळपास येतात. आकृतीतला सर्वांत मोठा कोन ज्याच्यासमोर आहे, तो कर्ण तिसऱ्या क्रमांकावर.

आणखी एक गैरसमज कंपासपेटीतला गुण्या घेऊन दूर करता येतो. ३०, ६० आणि ९० अंशांच्या गुण्यात सर्वांत लहान बाजू एक एकक धरली, तर मधली १.७३ आणि कर्ण २ एकक येतो. कोन तिप्पट झाला, तरी बाजू दुप्पटच. प्रमेय फक्त क्रम सांगते, प्रमाण सांगत नाही. ‘दुप्पट कोनासमोर दुप्पट बाजू’ असे मनात धरून सोडवलेली उदाहरणे हमखास चुकतात.

एवढी उघड गोष्ट सिद्ध कशाला करायची, हा प्रश्नही जुनाच. पाचव्या शतकात अथेन्समध्ये शिकवणाऱ्या प्रोक्लसने युक्लिडवर लिहिलेल्या टीकेत एपिक्युरसच्या अनुयायांच्या थट्टेची नोंद केली आहे. विसावे प्रमेय म्हणते, की त्रिकोणाच्या दोन बाजूंची बेरीज तिसरीपेक्षा मोठी असते. हे तर गाढवालाही कळते, असे त्यांचे म्हणणे, कारण ते चाऱ्याकडे सरळ जाते, दोन बाजूंनी वळसा घालून जात नाही. प्रोक्लसचे उत्तर होते, की डोळ्यांना जाणवणे वेगळे आणि ते का होते हे सांगता येणे वेगळे.

युक्लिडच्या मांडणीत गाढवाचे हे ज्ञान मोठ्या कोनाच्या प्रमेयातूनच निघते. त्रिकोणाची एक बाजू दुसऱ्या बाजूच्या लांबीइतकी पुढे वाढवली, की एक नवा, मोठा त्रिकोण तयार होतो. या नव्या त्रिकोणाची एक बाजू म्हणजे मूळच्या दोन बाजूंची बेरीज. तिच्यासमोरचा कोन मूळच्या तिसऱ्या बाजूसमोरच्या कोनापेक्षा मोठा आहे, एवढे दाखवले की काम होते.

म्हणून सपाट कागदावर युक्लिडच्या क्रमाने जाणाऱ्याने उलटा रस्ता धरू नये. तो रस्ता मोहात पाडणारा आहे हे खरे. र जवळच्या मोठ्या कोनातून स जवळच्या कोनाएवढा तुकडा ‘रस’च्या बाजूने कापणारी रेषा ओढायची. ती ‘पस’ला ट मध्ये मिळेल. आता ‘टर’ आणि ‘टस’ सारख्या. म्हणजे ‘पस’ ही ‘पट’ आणि ‘टर’ यांच्या बेरजेएवढी. ही बेरीज ‘पर’पेक्षा मोठी, कारण त्रिकोणाच्या दोन बाजू मिळून तिसरीपेक्षा मोठ्या. सिद्धता छोटी आणि देखणी आहे, पण तिचे शेवटचे पाऊल ज्या विधानावर पडते, ते विधान युक्लिडने याच प्रमेयातून काढलेले आहे. हे चक्राकार झाले.

पृथ्वीच्या गोलावर मात्र बाजी पालटते. उत्तर ध्रुव आणि विषुववृत्तावरचे दोन बिंदू, एक शून्य रेखांशावर आणि दुसरा १२० अंश पूर्वेला, असा त्रिकोण घेऊ. ध्रुवाजवळचा कोन १२० अंश, विषुववृत्तावरचे दोन्ही काटकोन. तिन्हींची बेरीजच ३०० अंश भरते! विषुववृत्ताची बाजू पुढे वाढवली, तर बाह्यकोन येतो ९० अंश, म्हणजे ध्रुवाजवळच्या दूरस्थ कोनापेक्षा चांगला तीस अंशांनी लहान. युक्लिडची सिद्धता ज्या बाह्यकोनावर उभी होती, तोच इथे दगा देतो. तरीही प्रमेय खरेच आहे: १२० अंशांसमोरची बाजू सुमारे १३,३६० किलोमीटर आणि काटकोनांसमोरच्या बाजू प्रत्येकी सुमारे १०,००० किलोमीटर. गोलावर दोन बाजूंची बेरीज तिसरीपेक्षा मोठी असते हे या प्रमेयाचा आधार न घेता सिद्ध करता येते, त्यामुळे कागदावर चक्राकार ठरलेली ती छोटी सिद्धता तिथे निर्दोष चालते. अट एवढीच, की त्रिकोणाची प्रत्येक बाजू अर्ध्या परिघाहून लहान असावी.